खणखणीत वीट आणि बॅटरीचे पाणी

अमरावतीच्या राजापेठेत भाजी घेणारा गृहस्थ भेंडीचे टोक मोडून पाहिल्याखेरीज पाव किलोचे पैसे देत नाही, टरबुजावर दोन टिचक्या मारून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय ते पिशवीत घालत नाही, आणि वांग्याच्या देठाच्या हिरवेपणावरून विक्रेत्याशी सविस्तर वाद घालतो. परंतु हाच गृहस्थ आयुष्यात एकदाच बांधावयाच्या घरासाठी तीन हजार विटांचा ट्रक मागवतो, तेव्हा ‘माल चांगला पाठवा’ एवढ्या एका वाक्यावर सगळा भरवसा टाकून मोकळा होतो. या विसंगतीचे कारण शोधू गेल्यास असे दिसते की, भेंडीचा दोष त्याच दिवशी ताटात उतरतो आणि त्याचा जाब घरातच द्यावा लागतो. विटेचा दोष मात्र गिलाव्याखाली जातो, त्यावर रंग चढतो, वास्तुशांतीचे जेवण उठते, आणि पहिला पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की तो जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने प्रकट होतो. तोपर्यंत भट्टीवाल्याचा मोबाइल क्रमांक बहुधा बदललेला असतो.

विटेची परीक्षा अजिबात होत नाही असे मात्र नाही. गवंडी, ज्याला वऱ्हाडात मिस्तरी म्हणतात, तो दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटतो आणि त्यांतून धातूसारखा खणखणीत नाद निघाला की मान डोलावतो, मग एक वीट छातीच्या उंचीवरून जमिनीवर सोडतो आणि ती फुटली नाही की दुसऱ्यांदा मान डोलावतो, घरमालक चिकित्सक निघालाच तर विटेच्या अंगावर नखाने ओरखडा काढून दाखवतो आणि ओरखडा उठला नाही हे सिद्ध झाल्यावर “वाजून राह्यली ना बराबर भाऊ, आता अजून काय पाह्यता?” असा अंतिम निर्णय देतो. या तिन्ही परीक्षा हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत, कारण भाजताना मातीचे कण एकमेकांत वितळून जोडले गेले असतील आणि आत तडा नसेल तरच वीट वाजते, आणि अर्धकच्ची वीट मडक्याच्या फुटक्या खापरासारखा बद्द आवाज करते. अडचण एवढीच आहे की नाद, पडणे आणि ओरखडा या तिन्ही गोष्टी विटेच्या मजबुतीविषयीच बोलतात, आणि वऱ्हाडातील घराला खरा त्रास ज्या गोष्टीचा होतो ती, म्हणजे मीठ, वाजत नाही.

येथे ‘मीठ’ हा शब्द स्वयंपाकघरातील अर्थापेक्षा व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. मातीत, पाण्यात आणि कोळशाच्या राखेत सोडियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची सल्फेटे आणि क्लोराइडे असतात. ती पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर विटेच्या बारीक छिद्रांतून प्रवास करतात, आणि पाणी पृष्ठभागावरून उडून गेले की तेथेच पांढऱ्या स्फटिकांच्या रूपाने मुक्काम ठोकतात. या प्रकाराला भिंतीला खार फुटणे किंवा लोणा लागणे म्हणतात. क्षार केवळ बाहेर येऊन बसले तर ते ओल्या फडक्याने पुसता येतात. पण सोडियम सल्फेटासारखा क्षार पृष्ठभागाच्या जरा आतच गोठला, तर तो ओलाव्यातून आपल्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू धरतो आणि त्याचे आकारमान चौपटीच्या वर जाते. छिद्र तेवढेच राहते, बिऱ्हाड चौपट होते, आणि मग घरमालकाच्या भिंतीचे पापुद्रे सुटू लागतात.

वऱ्हाडाच्या वाट्याला हे मीठ उदारपणे आलेले आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध प्रदेश आहे, तेथील भूजल मचूळ आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर या बाजूंच्या अनेक गावांत विहिरीचे पाणी तोंडात घेतले की चेहऱ्यावर काही क्षण तात्त्विक भाव उमटतात. अशा पाण्यात माती मळून थापलेली वीट आपले मीठ भट्टीत जाण्यापूर्वीच घेऊन जाते. त्यातच कोळशातील गंधक जळून निघालेला वायू आणि काळ्या मातीतील चुनखडी यांचा भट्टीत संबंध जुळून आणखी थोडे सल्फेट जन्माला येते. राजापेठ स्वतः या पट्ट्यात नाही आणि नळाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते, याचा तेथील रहिवाशांना रास्त अभिमान आहे. परंतु वीट कोणत्या गावच्या पाण्यात मळली गेली हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, आणि बांधकामासाठी नळाचे पाणी वापरण्याची चैन सहसा कोणी करत नाही, तेथे बोअरच असते.

खार फुटण्याची परीक्षा वऱ्हाडातील प्रत्येक घर दरवर्षी मार्च ते जून या काळात नकळत करत असते, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. कूलरच्या ताट्यांतील वाळा किंवा गवत बोअरच्या पाण्याने भिजते, वाऱ्याने सुकते, पुन्हा भिजते, आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते म्हाताऱ्याच्या दाढीसारखे पांढरे होते. घरातील कर्ता पुरुष ते बदलताना कूलर बनवणाऱ्याला शिव्या घालतो. भारतीय मानक ब्यूरोने विटेसाठी जी परीक्षा सांगितली आहे तिचे तत्त्व याहून वेगळे नाही. फरक इतकाच की तेथे गवताच्या जागी वीट आहे आणि शिव्यांच्या जागी पाच श्रेणी आहेत.

सामान्य भाजक्या विटेचे गुणधर्म आयएस १०७७ या मानकात, त्यांच्या चाचणीची रीत आयएस ३४९५ मध्ये, आणि चाचणीसाठी विटा निवडावयाच्या कशा हे आयएस ५४५४ मध्ये दिलेले आहे. या तिघांपैकी शेवटचे सर्वांत कमी वाचले जाते आणि सर्वांत जास्त मोडले जाते. भट्टीवाल्याच्या टेबलावर एक वीट ठेवलेली असते. ती तांबूस, टोकदार कडांची, निष्कलंक असते, आणि तिचे व ट्रकमधून येणाऱ्या मालाचे नाते स्थळाच्या फोटोचे प्रत्यक्ष मुलाशी असते तितपतच असते. भट्टीत कडेला लागलेल्या विटांना आच कमी मिळते म्हणून त्या फिकट व अर्धकच्च्या राहतात, विस्तवाला खेटून असलेल्या जळून, वितळून, वाकड्या होऊन खंगर बनतात, आणि चांगली वीट या दोहोंच्या मधल्या भागात तयार होते. म्हणून मानक असे सांगते की, विटा एका जागेवरून उचलू नयेत. ट्रक भरला वा उतरवला जात असताना ठरावीक अंतराने घ्याव्यात, किंवा ढिगाच्या वरून, खालून, बाजूंनी आणि शक्य तर पोटातून काढाव्यात. दोन हजारांहून अधिक आणि दहा हजारांपर्यंत विटांचा एक ढीग असेल, तर मजबुती, पाणी शोषण आणि क्षार यांसाठी प्रत्येकी पाच विटा पुरतात. पंधरा विटा ढिगाच्या पोटातून काढू देण्यास भट्टीवाला तयार होतो की नाही, हीच खरे तर पहिली चाचणी होय, आणि ती विनामूल्य आहे.

मजबुतीच्या चाचणीचा थाट मोठा असतो. विटेच्या वरच्या अंगावर भट्टीवाल्याच्या नावाची जी खाच असते तिला अभियंते फ्रॉग म्हणजे बेडूक म्हणतात. हे नाव का पडले यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण चाचणीत तो बेडूक बुजवावा लागतो यावर एकमत आहे, कारण खाच मोकळी राहिली तर सगळा दाब तिच्या काठांवर येतो आणि वीट आपल्या योग्यतेपेक्षा लवकर फुटते. प्रथम विटेची वरची व खालची अंगे घासून सपाट करतात, मग ती चोवीस तास पाण्यात बुडवतात, नंतर एकास एक सिमेंट-वाळूच्या मसाल्याने खाच भरतात, एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवतात आणि पुढे तीन दिवस पुन्हा पाण्यात. असा पाच दिवसांचा पाहुणचार झाल्यावर तिला प्लायवूडच्या तीन मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्यांमध्ये ठेवून यंत्राने दाबतात. दाब दर मिनिटाला चौरस मिलिमीटरमागे चौदा न्यूटन या गतीने वाढवावयाचा असतो, आणि या भागातील बेताची वीट साधारण चार न्यूटनांना फुटते असे धरले, तर पाच दिवसांच्या तयारीनंतरचा प्रत्यक्ष सोहळा सुमारे सतरा सेकंदांत आटोपतो. ओल्या अवस्थेत वीट कोरडीपेक्षा कमजोर असते. म्हणून तिला भिजवून दाबणे हे क्रौर्य नसून सावधपणा आहे. अशी यंत्रे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतात, आणि अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे.

मानकातील सर्वांत खालचा वर्ग ३.५ हा आहे, म्हणजे पाच विटांची सरासरी मजबुती चौरस मिलिमीटरला निदान ३.५ न्यूटन, किंवा बोलीभाषेत चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो, असावी. हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण २३० गुणिले ११० मिलिमीटरच्या विटेचे अंग २५,३०० चौरस मिलिमीटर भरते, आणि त्याला ३.५ ने गुणले की सुमारे नऊ टन होतात. एका विटेचे वजन तीन किलो धरले तर तीन हजार विटांच्या ट्रकातील मालही नऊ टनच होतो. याचा अर्थ असा की, सर्वांत खालच्या वर्गातील एकटी वीट, तिच्यासह आलेला अख्खा ट्रक तिच्या डोक्यावर रचला, तरी तो पेलण्यास बांधील आहे. घरमालकाला हे सांगितले की तो विटेकडे आदराने पाहू लागतो.

या आदराला सरासरी नावाची एक पळवाट आहे. समजा, पाच विटा अनुक्रमे ११४, १०४, ९६, १२१ आणि ६६ किलोन्यूटन दाबाला फुटल्या. प्रत्येक आकड्याला २५,३०० चौरस मिलिमीटरने भागले की ४.५, ४.१, ३.८, ४.८ आणि २.६ अशी मजबुती येते आणि त्यांची सरासरी ३.९६ भरते. भट्टीवाला या आकड्यावर बोट ठेवून पेढे मागतो. परंतु मानकात पुढचे एक वाक्य आहे, की कोणतीही एकटी वीट वर्गाच्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक खाली जाता कामा नये, ३.५ च्या वीस टक्के खाली म्हणजे २.८, आणि पाचवी वीट २.६ वर बसलेली आहे. चार भावांच्या कमाईवर पाचव्याचे नाव प्रतिष्ठितांत लागते ही एकत्र कुटुंबाची रीत असली, तरी विटांच्या बाबतीत मानक विभक्त कुटुंबाच्या बाजूचे आहे, आणि हा ढीग नापास होतो.

इतके करून हेही सांगितले पाहिजे की, दुमजली साध्या घराच्या भिंतीतील विटेवर प्रत्यक्ष येणारा भार चौरस मिलिमीटरला पाव न्यूटनाच्या आसपास असतो. जोडकामात मसाल्याचे सांधे आले की भिंत एकट्या विटेइतकी मजबूत राहत नाही, भार सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून मधले अंतर मोठे ठेवावे लागते हे खरे. तरीही दाबाखाली वीट चिरडून घर बसले असे सहसा घडत नाही, आणि हल्ली तर भार सिमेंटचे कॉलमच घेतात. तथापि लोकांची श्रद्धा मजबुतीवरच असते, कारण यंत्र मोठे असते, आवाज होतो आणि काहीतरी फुटते. उरलेल्या दोन चाचण्यांत काहीच फुटत नाही, म्हणून त्यांना प्रेक्षक मिळत नाहीत.

त्यांपैकी पहिली पाणी शोषण्याची. वीट एकशे पाच ते एकशे पंधरा अंश तापमानाच्या बंदिस्त पेटीत वजन घटावयाचे थांबेपर्यंत सुकवावयाची, थंड झाल्यावर तोलावयाची, चोवीस तास स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावयाची, ओल्या फडक्याने पुसावयाची आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा तोलावयाची. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून आलेली टक्केवारी साडेबारापर्यंतच्या वर्गातील विटांना वीसच्या आत हवी. ही चाचणी घरी वजनकाट्यावर करता येते असे समजणारा एक वर्ग आहे, आणि तो मुळात चूकही नाही. फक्त पहिल्या पायरीवर तो घसरतो. अमरावतीचा उन्हाळा कितीही कर्तबगार असला तरी तो पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांच्या पुढे फारसा जात नाही, त्यामुळे गच्चीवर वाळवलेली वीट ही कोरडी नसते, ती केवळ कोरडी दिसते. एका विटेचे खरे कोरडे वजन २,८४० ग्रॅम आहे आणि भिजल्यावर ती ३,४६४ ग्रॅम भरते असे मानले, तर तिने ६२४ ग्रॅम पाणी प्यायले, म्हणजे २२ टक्के, आणि ती नापास झाली. तीच वीट आत दीडशे ग्रॅम ओलावा धरून तोलली गेली, तर सुरुवातीचे वजन २,९९० येते, वाढ ४७४ ग्रॅम दिसते, टक्केवारी सोळाच्याही खाली उतरते, आणि वीट उत्तम गुणांनी पास होते. घरी येण्यापूर्वी दोन पेले रिचवून आलेल्या माणसाला पंक्तीत फार कमी घेताना पाहून त्याला मिताहारी ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे. ट्रकमध्ये चढवण्याआधी विटांवर पाण्याचा फवारा मारणारे भट्टीवाले धूळ बसावी म्हणून तसे करतात, असेच मानणे सभ्यपणाचे ठरेल.

तहानलेली वीट वाईट का, याचे एक उत्तर असे की ती मसाल्यातील पाणी पिऊन टाकते आणि सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणी उरत नाही. म्हणूनच मिस्तरी विटा टाकीत भिजवून मग लावतो, किंवा लावाव्यात अशी अपेक्षा असते. उलट टोकाची खंगर वीट जवळजवळ पाणीच पीत नाही, तेव्हा मसाल्याला धरावयास जागा राहत नाही आणि तो तिच्या अंगावरून सुटून येतो. पण येथील विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पाणी हे मिठाचे वाहन आहे; जी वीट जास्त पाणी वाहते ती जास्त मीठही वाहते, आणि पाणी शोषणात नापास झालेली वीट बहुधा पुढच्या चाचणीतही फारसे झेंडे लावत नाही.

क्षारांची चाचणी ही तिन्हींत सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी आणि घरात सर्वाधिक भांडण लावणारी आहे. सपाट बुडाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात वीट उभी करावयाची, तिचे टोक पंचवीस मिलिमीटर बुडेल इतके पाणी घालावयाचे, वीस ते तीस अंशांच्या हवेशीर खोलीत ते ठेवून सगळे पाणी विटेने शोषून उडून जाईपर्यंत थांबावयाचे, मग तितकेच पाणी पुन्हा घालून तेही उडू द्यावयाचे, आणि शेवटी विटेच्या अंगावर किती पांढरे आले ते पाहावयाचे. भांडे धातूचे नको, म्हणून परात बाद होते, आणि लग्नात आलेला काचेचा वाडगा शोकेसमधून बाहेर काढण्याची वेळ येते. गृहिणीची हरकत तांत्रिक स्वरूपाची नसली तरी निर्णायक असते.

निकालाच्या श्रेणी पाच आहेत. काहीच न दिसल्यास ‘निरंक’. दहा टक्क्यांपर्यंत भागावर पातळ थर असल्यास ‘किंचित’. निम्म्यापर्यंत जाड थर, पण भुकटी वा पापुद्रा नाही, तर ‘मध्यम’. निम्मा वा त्याहून अधिक भाग झाकला गेला, पण पृष्ठभाग शाबूत आहे, तर ‘भारी’. आणि जाड थराबरोबर विटेचा पृष्ठभागच भुगा होऊन किंवा सोलून येऊ लागला, तर ‘गंभीर’. नेहमीच्या विटेला ‘मध्यम’पर्यंत सूट आहे. भट्टीवाल्यांच्या भाषेत मात्र पाचही श्रेणींना एकच शब्द आहे, आणि तो “पहिल्या पावसात धुतल्या जाते” हा होय. हे विधान अर्धे खरे असल्याने अधिक घातक ठरते. बाहेरच्या भिंतीवरील सुटे क्षार पावसाने खरोखर धुपतात, पण त्याच पावसाने भिंत आतपर्यंत भिजते आणि सुकताना मागच्या मुक्कामावरील क्षार पुढे येतात.

चाचणीचे मर्म पाण्यात आहे. ते ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले, क्षारविरहित असावे लागते, आणि बहुतेकांची चाचणी याच ठिकाणी फसते, कारण घरमालक हौसेने वाडगा मांडतो आणि त्यात बोअरचे पाणी ओततो. वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या वाडग्यात विटेची जागा वजा जाता सुमारे आठशे मिलिलिटर पाणी मावते. दोनदा भरले म्हणजे एक लिटर सहाशे झाले. लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असलेले खारे पाणी असेल, तर परीक्षकाने स्वतःच्या हाताने तीन ग्रॅमहून अधिक, म्हणजे अर्ध्या चमच्याहून जास्त मीठ त्या विटेला पाजलेले असते, आणि आठ-दहा दिवसांनी ती पांढरी झाली की तोच परीक्षक भट्टीवाल्याला फोन लावतो. ऊर्ध्वपातित पाणी म्हणजे काही अप्राप्य द्रव्य नव्हे. भारनियमनाच्या काळापासून घरोघर इन्व्हर्टर बसल्यामुळे राजापेठेत बॅटरीच्या दुकानात ते कॅनने मिळते आणि ‘बॅटरीचे पाणी’ या नावाने ते लहान मुलांनाही ठाऊक आहे.

म्हणून जाणता माणूस दोन वाडगे मांडतो. एका ढिगातून काढलेल्या दोन विटांपैकी एक बॅटरीच्या पाण्यात आणि दुसरी बोअरच्या पाण्यात उभी केली, की चार शक्यता निर्माण होतात आणि प्रत्येकीला निराळा आरोपी मिळतो. दोन्ही स्वच्छ राहिल्या तर ट्रक सांगावा. दोन्ही पांढऱ्या झाल्या तर दोष निदान विटेत आहे, भट्टी बदलावी. बॅटरीच्या पाण्यातील स्वच्छ आणि बोअरच्या पाण्यातील पांढरी, असा निकाल आला तर वीट निर्दोष असून गुन्हेगार घरमालकाच्याच अंगणात, दोनशे फूट खोल बसलेला आहे. बॅटरीच्या पाण्यातील पांढरी आणि बोअरमधील स्वच्छ, असा निकाल आला, तर दोन विटा सारख्या भाजलेल्या नव्हत्या, किंवा घरात कोणीतरी वाडग्यांची अदलाबदल केली आहे. दोन्ही परिस्थितींत पाच-पाच विटांवर चाचणी पुन्हा करावी.

यांपैकी तिसरा निकाल ऐकून घेण्यास घरमालकाची मानसिक तयारी सर्वांत कमी असते. वीट त्याच बोअरच्या टाकीत भिजणार, मसाला त्याच पाण्यात कालवला जाणार, आणि मिस्तरी ज्याला तराई म्हणतो ते पाणी मारणे आठवडाभर त्याच नळीने होणार, हे लक्षात घेतले तर अव्वल दर्जाची वीट आणूनही भिंतीत किती चमचे मीठ मुरवले जाते याचा हिशेब मांडणे अवघड नाही. पण टँकरचे पैसे वेगळे पडतात, आणि भट्टीवाल्याला दोष देण्यास पैसे पडत नाहीत. खार दिसू लागल्यावर त्यावर पाणी न शिरणारा रंग फासावा, हा पेंटरचा सल्ला तर बिऱ्हाडकरूला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावण्यासारखा आहे; क्षार बाहेर येऊ शकले नाहीत की रंगामागे गोठतात आणि रंगासकट गिलावा ढकलून काढतात.

चाचण्यांचे विरोधक बाळापूरच्या किल्ल्याचा दाखला देतात. मन आणि म्हैस या नद्यांच्या मध्ये उंचवट्यावर उभा असलेला हा किल्ला एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानाने १७५७ मध्ये पूर्ण केला, त्याचे उंच तट आणि बुरूज विटांचे आहेत, तो ऐन खारपाणपट्ट्याच्या मुलखात आहे, आणि त्या विटांना कोणी वाडग्यात उभे केले नव्हते, हे सर्व खरे आहे. फक्त १७५७ मध्ये वऱ्हाडात ज्या वाईट विटा भाजल्या गेल्या त्या आज साक्षीला उभ्या नाहीत, एवढी एक बाब या युक्तिवादातून सुटते.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. मजबुतीला पाच दिवस, शोषणाला दोन-तीन, क्षारांना हवेप्रमाणे आठ दिवस ते पंधरवडा लागतो, आणि भट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडाशी संपतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात वीट शोधणाऱ्याला भट्टीवाला चाचणी करू देत नाही, तो स्वतःच गिऱ्हाइकाची चाचणी घेतो. शिवाय निकाल त्या ढिगापुरताच असतो. पहिला ट्रक तपासलेल्या ढिगातून येतो, दुसरा त्याच भट्टीच्या पुढच्या जळणातून आणि तिसरा, पाऊस आल्यामुळे, भट्टीवाल्याच्या मेहुण्याकडून.

पंधरा विटांचे पुढे काय होते याची नोंद कोणत्याही मानकात नाही. यंत्रात फुटलेल्या पाच पायात भरीला जातात, पाण्यात बुडवलेल्या अंगणातील नळाखाली बसतात, आणि क्षारांच्या चाचणीत ‘निरंक’ ठरलेल्या, अर्थात सर्वांत उजव्या, बॅटरीच्या पाण्यातील दोन विटा बैठकीच्या खिडकीबाहेर कूलरच्या स्टँडखाली टेकू म्हणून लावल्या जातात. तेथे दिवसभर ताट्यांतून बोअरचे पाणी त्यांच्यावर ठिबकते आणि संध्याकाळच्या गरम वाऱ्याने सुकते, आणि अक्षय्य तृतीयेला आलेला पाहुणा त्या पांढऱ्याफटक विटांकडे बोट दाखवून घरमालकाला विचारतो, की ही वीट कोणत्या भट्टीची आहे, म्हणजे तेथून घ्यावयाची नाही.